पुण्यामुंबईच्या नोकरीत 'आपण इथे चुकून आलो' असे वाटणे : सांगली-साताऱ्याकडच्या पहिल्या पिढीचे अनुभव हवे आहेत

बेदाणा
मी मूळची तासगाव तालुक्यातली. घरी द्राक्षबाग आहे, आणि आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिलीच. सांगलीत स्थापत्य अभियांत्रिकी पूर्ण केली आणि गेली काही वर्षे पुण्यात इमारतींचे आरसीसी डिझाइन करणाऱ्या एका सल्लागार कंपनीत नोकरी करते आहे.

माझी अडचण अशी आहे. संगणकावर इमारतीचे विश्लेषण झाले की त्यातले काही निवडक बीम आणि कॉलम हाताने गणित करून पडताळायचे, अशी आमच्या ऑफिसची पद्धत आहे. मी मात्र घरी आल्यावर, कोणालाही न सांगता, जवळजवळ सगळेच बीम पुन्हा हाताने करते. नकाशे तपासणीत व्यवस्थित पास होतात. मग मला वाटते की रात्री जागून सगळे पुन्हा केले म्हणून ते पास झाले, नाहीतर आपले पितळ उघडे पडले असते. पुढच्या कामाला हेच पुन्हा सुरू होते. माझ्या बरोबरीच्या दोघांचे वडील आर्किटेक्ट आहेत. ते ग्राहकासमोर ज्या सहजतेने बोलतात ती पाहिली की हे खरे इंजिनियर आहेत आणि मी कोणीतरी भलतीच येऊन बसले आहे, असे वाटत राहते.

आता मला टीम लीड करण्याचे घाटते आहे. वर्षअखेरीचा स्वमूल्यमापनाचा फॉर्म समोर पडून आहे आणि बढती नको असे कळवण्याचे माझ्या मनात आहे. ही खरोखरच माझी कुवत कमी असण्याची बाब आहे की नुसतीच भावना आहे, हे ओळखायचे कसे? ज्यांनी हे अनुभवले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

यवतेश्वर
ताई, मी पुण्यात मनुष्यबळ विभागात काम करतो, म्हणून कळकळीने सांगतो. अनुभवाच्या दाखल्यात किंवा आधीच्या पगाराच्या पावत्यांमध्ये काही वाढवून लिहिले गेले असेल, तर बढतीच्या वेळी फेरपडताळणी होण्याची शक्यता असते. आपण होऊन सांगितलेले केव्हाही बरे.

बेदाणा
यवतेश्वर दादा, तुमच्या काळजीबद्दल आभार, पण माझी सगळी कागदपत्रे खरी आहेत. कागद खरे असूनही मी स्वतः खोटी आहे असे वाटते, हीच तर अडचण आहे.

यवतेश्वर
आता लक्षात आले. मग मी वाचतो, कारण माझ्याकडे येणाऱ्या नव्या मुलांमध्ये हे दिसते आणि त्यांना काय सांगावे ते मला सुचत नाही.

सह्याद्री_घाट
मुळात हा सगळा इंग्रजीचा प्रश्न आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मी कोरेगावचा, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो. मुंबईत लागल्यावर पहिले वर्षभर मीटिंगमध्ये तोंड उघडले नाही. नंतर संध्याकाळचा क्लास लावला, रोज मोठ्याने वाचन केले, आणि ती भीती पूर्णपणे गेली. भाषा आली की न्यूनगंड जातो. बाकी गोष्टींचा फार विचार करू नये.

माणगंगा
सह्याद्री_घाट, तुमचा अनुभव खरा आहे, पण सगळा भार इंग्रजीवर टाकणे मला पटत नाही. मी दहिवडीकडचा. वडील एसटीत वाहक होते, पण त्यांनी हट्टाने मला इंग्रजी शाळेत घातले, त्यामुळे भाषेची अडचण मला कधीच आली नाही. तरीही मुंबईतल्या बँकेत पहिली काही वर्षे मी बेदाणा ताईंसारखाच होतो.

माझी अडचण निराळीच निघाली. वर्षअखेरीचे मूल्यमापन म्हणजे परीक्षेचा निकाल, असे मी समजत होतो. साहेब सांगतील ती श्रेणी घ्यायची आणि बाहेर यायचे. तिसऱ्या वर्षी एका सहकाऱ्याशी बोलताना कळले की ती श्रेणी त्या बैठकीत ठरतच नाही. ती दोन-तीन महिने आधी, निरनिराळ्या विभागांचे वरिष्ठ एकत्र बसतात तेव्हा जवळपास ठरलेली असते, आणि म्हणून माझा सहकारी त्याच्याही आधी साहेबांना भेटून वर्षभरात काय केले ते सांगून येत असे. त्याला हे त्याच्या आईने सांगितले होते, कारण ती स्वतः एका खाजगी कंपनीत अधिकारी होती. माझ्या वडिलांनी मला तिकिटांचा हिशेब रुपया-पैशात चोख कसा द्यायचा ते शिकवले. ही दुसरी गोष्ट त्यांना ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. तोवर मी माझ्या कमी श्रेणीचा अर्थ 'आपली लायकीच तेवढी' असा लावत आलो होतो.

भडंगप्रेमी
याला इम्पोस्टर सिंड्रोम म्हणतात आणि ७० टक्के लोकांना तो असतो, असे मी वाचले आहे. त्याची वीस प्रश्नांची चाचणीही आहे. मी ती सोडवली, माझे ६८ गुण आले, म्हणजे मला हा आजार बऱ्यापैकी आहे. ताईंनी आधी चाचणी द्यावी, आणि गुण जास्त आले तर उपचार होईपर्यंत बढती पुढे ढकलावी.

कृष्णाकाठ
मी सांगलीत अनेक वर्षे मानसशास्त्र शिकवले आणि निवृत्तीनंतर नोकरदार तरुणांचे समुपदेशन करते. माणगंगा यांनी या धाग्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगितली आहे. तिच्याकडे येतेच, पण आधी भडंगप्रेमी यांच्या मुद्द्यांबद्दल लिहिते.

ही कल्पना पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली मांडली. त्यांनी दीडशेहून अधिक यशस्वी स्त्रियांबरोबर केलेल्या कामातून ती पुढे आली, आणि त्यांनी तिला आजार म्हटले नव्हते. मानसिक विकारांच्या प्रमाण सूचीत आजही तिची नोंद नाही. वीस विधानांची मोजपट्टी क्लान्स यांची आहे. तिच्यात २० ते १०० गुण पडतात, आणि ६८ म्हणजे असे विचार तुमच्या मनात वारंवार येतात, एवढाच अर्थ. ७० टक्क्यांचा आकडा सगळीकडे फिरतो खरा, पण २०२० साली ६२ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यात हे प्रमाण ९ टक्क्यांपासून ८२ टक्क्यांपर्यंत आढळले. कोणती मोजपट्टी वापरली आणि रेघ कुठे मारली यावर आकडा इतका बदलतो, म्हणून त्यावर फार विसंबू नये. त्यासाठी बढती पुढे ढकलण्याचे तर काहीच कारण नाही. झोप उडाली असेल, जेवण सुटले असेल किंवा सतत धडधड होत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे. तो भाग वेगळा.

आता बेदाणा, तुझ्याविषयी. तू जे चक्र लिहिले आहेस, जवळजवळ तेच वर्णन क्लान्स यांनी केले आहे. काम आले की धास्ती बसते, धास्तीपोटी गरजेपेक्षा कितीतरी जास्त तयारी होते, काम चांगले होते, घटकाभर हायसे वाटते, आणि यशाचे श्रेय त्या जास्तीच्या मेहनतीला जाते. या चक्रातली खरी अडचण बारकाईने पाहा. तू सगळे बीम पुन्हा करतेस, त्यामुळे निवडक बीम तपासून काम बरोबर निघाले असते की नाही, हे कळण्याची संधीच तुला कधी मिळत नाही. कितीही नकाशे पास झाले तरी तुझ्या कुवतीबद्दलचा पुरावा जमा होत नाही, कारण तो जमा होण्याची वाटच तू रात्री बंद करून टाकतेस. म्हणूनच 'तू हुशार आहेस' असे लोकांनी कितीही सांगितले तरी मनावर त्याचा परिणाम होत नाही.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी एका कागदावर दोन रकाने पाडायला सांगते. 'मला जमत नाही' असे ज्या ज्या गोष्टीबद्दल वाटते ती प्रत्येक गोष्ट त्यांपैकी एकात लिहायची. पहिल्या रकान्यात ती, जी माहीत असलेल्या माणसाने अर्ध्या तासात सांगितली तर सुटेल. माणगंगा यांच्या मूल्यमापनाची गोष्ट तिथली. दुसऱ्यात ती, जी तू आधी अनेकदा नीट केलेली आहेस आणि तरीही पुढच्या वेळी जमेल असा विश्वास वाटत नाही. पहिला रकाना ही भावना नव्हे. ती खरीच माहितीची उणीव आहे, आणि पहिल्या पिढीच्या मुलांचा हाच रकाना मोठा भरतो, कारण इतरांना ही माहिती घरी जेवताना मिळालेली असते. ती उणीव विचारून भरायची असते, आत्मविश्वासाच्या व्याख्यानांनी ती भरत नाही. दुसऱ्या रकान्यावर मात्र चक्र तोडण्याचा उपाय करावा लागतो.

हळदीचे_पान
कृष्णाकाठ ताई, तुमचे लिखाण आवडले, पण एक बाजू राहून जाते आहे असे वाटते. मी इस्लामपूरची. पुण्यातल्या माझ्या पहिल्या ऑफिसात माझ्या बोलण्याची नक्कल होत असे, आणि ती करणाऱ्यांत माझे वरिष्ठही होते. जेवणाच्या टेबलावर मी बोलू लागले की कोणीतरी माझ्या हेलात वाक्य पुन्हा म्हणत असे आणि सगळे हसत. अशा ठिकाणी 'आपण इथले नाही' असे मला वाटले, तर त्यात माझ्या मनाचे काय बिघडले? मला ते तसे जाणवून दिले जात होते. आपल्याकडची मुले असे काही बोलली की लगेच त्यांनाच स्वतःवर काम करायला सांगितले जाते आणि ऑफिसला कोणी काही विचारत नाही, याचा मला मनापासून संताप येतो. मी ती नोकरी सोडली. दुसरीकडे त्याच हेलात बोलते आणि तिथे माझे ऐकले जाते.

कृष्णाकाठ
तू म्हणतेस ते रास्त आहे. मी तिसरा रकाना पाडायला हवा: लोक जे प्रत्यक्ष करतात ते. २०२१ साली रुचिका तुलशान आणि जोडी-ॲन ब्युरी यांनी अमेरिकेत हाच आक्षेप जोरकसपणे मांडला होता, की स्त्रियांच्या मनातला दोष शोधण्यापेक्षा त्या जिथे काम करतात ती जागा तपासावी. ओळखण्याची एक खूण सांगते. कोणी काय म्हटले, कधी म्हटले आणि कोणासमोर म्हटले हे तुला सांगता येत असेल, तर ते तिसऱ्या रकान्यातले. 'सगळ्यांना माझ्याबद्दल असे वाटत असणार' यापलीकडे काही सांगता येत नसेल, तर दुसऱ्या रकान्यातले असण्याची शक्यता जास्त. खूण अचूक नाही, कारण बरीच अवहेलना न बोलताही होते.

अजिंक्यतारा
मी या सर्वांहून वयाने बराच मोठा आहे. साताऱ्याला रयतच्या वसतिगृहात राहून शिकलो. कर्मवीर अण्णांनी १९१९ साली काल्याला रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. आमच्या पिढीपर्यंत तिथे बहुतेक मुलांच्या घरात त्यांच्याआधी कोणी कॉलेजात गेलेले नसे. 'कमवा आणि शिका' मध्ये सगळेच शेतात काम करत आणि सगळेच तिथून वर्गात जात. आपण उपरे आहोत हा विचार माझ्या मनात तिथे एकदाही आला नाही. पुढे मुंबईत विमा कंपनीत लागलो, आणि पहिल्याच महिन्यात तो आला. माणूस तोच होतो, गुणपत्रिका तीच होती, भोवतालची माणसे बदलली होती.

त्यामुळे ही गोष्ट माणसाच्या आत कायमची बसलेली असते, असे मला वाटत नाही. मला मदत झाली ती गिरगावातल्या एका खोलीची, जिथे आम्ही कराड-साताऱ्याकडचे सातआठ जण राहत होतो. रविवारी कोणीतरी म्हणे की परवा साहेबाने अमुक विचारले आणि मला आले नाही, मग दुसरा म्हणे की मलाही आले नव्हते, मी असे असे उत्तर दिले. एकाचे अडलेले सातजणांना कळे. आजची मुले एकेकटी फ्लॅटमध्ये राहतात, त्यांचे हे कसे होत असेल?

माणगंगा
अजिंक्यतारा काका, आमच्याकडे होत नाही. गावाकडच्या मित्रांच्या ग्रुपवर पगारवाढ आणि गाडीचे फोटो येतात, अडचणी कोणी लिहीत नाही. प्रत्येकाला वाटते की बाकीच्यांचे छान चालले आहे.

कृष्णाकाठ
काकांच्या खोलीसारखे काहीसे एका अमेरिकन विद्यापीठात मुद्दाम करून पाहिले गेले. निकोल स्टीफन्स आणि सहकाऱ्यांचा तो अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. वरच्या वर्गातल्या मुलांनी नव्या मुलांसमोर आपापले अनुभव सांगितले. एका गटात वक्त्यांनी आपल्या घरच्या परिस्थितीमुळे कोणत्या अडचणी आल्या आणि त्यातून मार्ग कसा काढला, हेही सांगितले. दुसऱ्या गटात घरच्या परिस्थितीचा उल्लेखच नव्हता. पहिल्या गटात बसलेल्या पहिल्या पिढीच्या मुलांनी पुढे शिक्षकांची मदत जास्त घेतली आणि वर्षअखेरीस त्यांचे गुणही चांगले आले. हे कॉलेजातले आहे, ऑफिसात तसेच होईल असे मी म्हणणार नाही. पण यात दुसऱ्याची नुसती अडचण ऐकणे पुरत नाही, अडचण परिस्थितीतून आली आणि तिला वाट आहे हे दोन्ही ऐकावे लागते, असे माझ्या कामातही मला दिसते.

बेदाणा
सर्वांचे मनापासून आभार. मी दोन रकाने (आता तीन) केले आणि बरेच काही वेगळे दिसले.

पहिल्या रकान्यात सर्वांत वर 'किती तपासले म्हणजे पुरे' हे आले, कारण मला ते कोणी सांगितलेच नव्हते. 'निवडक' म्हणजे कोणते, हे विचारले तर यांना एवढेही कळत नाही असे वाटेल, म्हणून मी सगळेच करत होते. परवा धीर करून आमच्या वरिष्ठांना विचारले. त्यांनी जरासुद्धा आश्चर्य न दाखवता सांगितले: आधी इमारतीचे एकूण वजन हाताने काढून पायाशी येणाऱ्या एकूण भाराशी ताडून पाहा. ते जुळले नाही तर एकेक बीम तपासण्यात अर्थ नाही. मग भूकंपाच्या विश्लेषणात ९० टक्के वस्तुमान धरले गेले आहे ना ते पाहा. त्यानंतर सर्वांत लांब गाळ्याचा बीम, बाहेर आलेल्या बाल्कन्या, ज्या बीमवर मधूनच कॉलम उभा आहे तो बीम, कोपऱ्यातले कॉलम, आणि मागच्या आवृत्तीनंतर जे बदलले ते सगळे. बाकीचे सहसा यांच्यासारखेच असतात. माझ्या रात्रीच्या कामात मी एकसारखे साधे बीम ओळीने करत होते, आणि एकूण वजनाचा ताळा मात्र रोज करत नव्हते.

आता एक शंका आहे. चक्र तोडायचे म्हणून मी तपासणी कमी केली आणि खरेच काही राहून गेले तर? हे इमारतीचे काम आहे.

कृष्णाकाठ
फार योग्य शंका. सुरक्षिततेच्या कामावर हा प्रयोग करू नये. तिथे वरिष्ठांनी दिलेली यादी पाळायची आणि दुसऱ्या इंजिनियरची तपासणी नेहमीसारखी होऊ द्यायची. प्रयोगासाठी असे काम निवड, जिथे चूक झाली तर फार तर ओशाळे वाटेल: ऑफिसातली आढावा बैठक, एखादे पत्र, ग्राहकाशी फोनवरचे बोलणे. तयारीला किती वेळ द्यायचा ते आधी ठरव, कामाआधी दोन ओळींत 'काय होईल' ते लिही, आणि त्याच दिवशी 'काय झाले' ते खाली लिही. भाकीत मोजता येईल असे हवे. 'माझी फजिती होईल' असे लिहिले तर नंतर ताडून पाहता येत नाही.

बेदाणा
आर्किटेक्टबरोबरच्या बैठकीआधी मी लिहिले होते: 'किमान पाच प्रश्न असे येतील ज्यांची उत्तरे मला येणार नाहीत, आणि ते माझ्याऐवजी दुसऱ्याला बोलवा असे म्हणतील.' बैठकीत माझ्याकडे उत्तर नाही असे प्रश्न दोन आले. त्यांतला एक पार्किंगमधला कॉलम हलवण्याचा होता. मी काही बोलण्याआधीच माझा तो सहजपणे बोलणारा सहकारी म्हणाला, 'हे गणित करून उद्या कळवतो,' आणि आर्किटेक्ट मान हलवून पुढच्या मुद्द्याकडे वळले. त्याचे हे वाक्य मी आधीही ऐकले असणार, पण त्यालाही त्या क्षणी उत्तर ठाऊक नसते हे मला पहिल्यांदाच कळले. दुसऱ्या प्रश्नाला मीही तेच म्हणाले. दुसऱ्याला बोलवा असे कोणी म्हटले नाही.

सह्याद्री_घाट
हे वाचून माझे मत थोडे बदलले आहे. क्लासमध्ये आम्हाला 'तपासून कळवतो' अशी वाक्ये पाठ करून घेत. मला वाटत होते की माझे इंग्रजी सुधारले, पण कदाचित उत्तर न येणे चालते, ही परवानगीच मला तिथे मिळाली असावी. तरीही भाषेचे महत्त्व कमी आहे असे मी म्हणणार नाही.

यवतेश्वर
मनुष्यबळाच्या बाजूने स्वमूल्यमापनाच्या फॉर्मबद्दल लिहितो, कारण ताईंचा मूळ प्रश्न तिथे अडला होता. आपल्या भागातली मुले फॉर्ममध्ये 'सर्वांच्या सहकार्याने काम पूर्ण झाले' असे लिहितात. ते सौजन्याचे आहे, पण फॉर्म वाचणाऱ्या समितीला त्यावरून काहीच ठरवता येत नाही. तुम्ही स्वतः केलेले एक काम, त्यातली अडचण आणि परिणाम, एवढे लिहा. स्वतःची विशेषणे लिहूच नका.

अजिंक्यतारा
स्वतःच्या तोंडाने स्वतःची स्तुती करू नये, असे आमच्यावर संस्कार आहेत. मला ते आजही योग्य वाटते.

हळदीचे_पान
काका, विशेषण न लावता घडलेली गोष्ट सांगणे म्हणजे स्तुती नव्हे. आपण सांगत नाही तेव्हा ते काम दुसऱ्याच्या नावावर जमा होते, हे मी पाहिले आहे.

बेदाणा
मी आधी लिहिले होते: 'टीमच्या मार्गदर्शनाखाली सात मजली इमारतीचे डिझाइन पूर्ण करण्यात आले.' आता लिहिले आहे: 'सात मजली इमारतीत पहिल्या मजल्यावरच्या बीमवर उभ्या असलेल्या कॉलमचा भार मूळ मॉडेलमध्ये धरला गेला नव्हता. मी तो तपासणीत शोधला आणि नकाशा साइटवर जाण्याआधी बीमची खोली व सळई बदलून घेतली.' हे वाचताना मलाच प्रथम जाणवले की ही चूक मी ऑफिसात, दिवसा, ठरलेल्या तपासणीतच पकडली होती.

बढतीला नकार लिहिलेला नाही. पहिल्या प्रकल्पात इतरांच्या कामाची अंतिम तपासणी वरिष्ठांनी माझ्याबरोबर बसून करावी, अशी विनंती मात्र केली आहे. त्यावर अजून उत्तर आलेले नाही. मनात जे चालते ते त्यांना सांगावे का, हे माझे ठरत नाही.

माणगंगा
मी सांगितले होते आणि त्याचा फायदा झाला. साहेब स्वतः जतचे निघाले.

हळदीचे_पान
मी सांगितले होते आणि पुढच्या मोठ्या कामातून 'तिला दडपण येते' म्हणून माझे नाव वगळले गेले. भावना सांगू नका, लागणारी मदत मागा. ताईंनी केलेली विनंती तशीच आहे, ती पुरेशी आहे असे मला वाटते.

भडंगप्रेमी
माझा धाकटा भाऊ मिरजेहून गेल्याच महिन्यात बंगळुरूला रुजू झाला आहे आणि रोज रात्री फोनवर हेच बोलतो. त्यालाही भाकिते लिहायला सांगू का?

कृष्णाकाठ
एवढ्यात नको. पहिल्या महिन्यात त्याला खरोखरच बरेच काही येत नसणार, त्यामुळे दुसऱ्या रकान्यात लिहायला त्याच्याजवळ अजून काही नाही. सध्या त्याने फक्त पहिला रकाना भरावा, आणि त्याच्याआधी वर्ष-दोन वर्षे लागलेल्या एखाद्या सहकाऱ्याला आठवड्यातून एकदा चहाला नेऊन त्यातले दोन-तीन प्रश्न विचारावेत. वरिष्ठांपेक्षा असा माणूस बरा, कारण काय काय ठाऊक नव्हते ते त्याला अजून आठवत असते. सहा महिन्यांनी पहिला रकाना आखडलेला असेल आणि तरी धास्ती तेवढीच असेल, तर मला इथेच विचारा.

भडंगप्रेमी
आजच सांगतो. त्याचा पहिला प्रश्न मला आत्ताच माहीत आहे: साहेबांनी रात्री दहाला मेसेज पाठवला तर लगेच उत्तर द्यायचे असते की सकाळी दिले तरी चालते?

यवतेश्वर
प्रत्येक टीममध्ये हे निराळे असते. त्याच सहकाऱ्याला विचारायला सांगा.